वडिलांच्या पश्चात फ्लॅट एकाच्या नावे करताना: हक्कसोडपत्र, बक्षीसपत्र की खरेदीखत?

प्रश्न: पुणे महापालिका हद्दीत वडिलांनी स्वतः घेतलेला फ्लॅट त्यांच्या एकट्याच्या नावावर आहे. वडील दोन वर्षांपूर्वी वारले, मृत्युपत्र नाही. आई, मोठा भाऊ, बहीण आणि मी असे चौघे आहोत. फ्लॅट माझ्या नावे करायचे ठरले आहे. बहीण अमेरिकेत असते, तिला काही नको. भावाला पंधरा लाख द्यायचे आहेत. आई म्हणते, माझाही हिस्सा तुझ्या नावे करून घे. एक जण सांगतो की पाचशेच्या स्टॅम्पवर हक्कसोडपत्र लिहून नोटरी करा, दुसरा म्हणतो बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होते, आणि वकील खरेदीखत करा म्हणतात. पत्नीचेही नाव लावायचे आहे. नक्की कोणता दस्त करायचा आणि खर्च किती?

उत्तर:

आपले काम एका दस्तात होणार नाही, कारण आपल्याला हिस्सा देणाऱ्या तिघांची स्थिती एकसारखी नाही. बहीण पैसे न घेता हक्क सोडते आहे, तिचे हक्कसोडपत्र करावे. भाऊ पैसे घेतो आहे, त्याचे खरेदीखतच करावे लागेल. आईचा हिस्सा आज आपल्या नावे करून घेऊ नये असे माझे मत आहे. तरीही करायचाच असेल तर अटी लिहिलेले बक्षीसपत्र करावे. नोटरीचा भाग सोडला तर आपल्याला सल्ला देणारे तिघेही आपापल्या परीने बरोबर आहेत, फक्त प्रत्येकाने वेगळ्याच हिश्श्याविषयी सांगितले आहे.

आपण हिंदू आहात असे गृहीत धरतो, कारण वारसा कोणाकडे कसा जातो हे त्यावर ठरते. हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ च्या कलम ८ नुसार मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची मिळकत प्रथम वर्ग एकच्या वारसांकडे जाते. पत्नी, मुलगे आणि मुली हे सर्व त्या वर्गात समान हिश्श्याने येतात. म्हणजे फ्लॅटमध्ये आई, भाऊ, बहीण आणि आपण यांचा प्रत्येकी एक चतुर्थांश अविभक्त हिस्सा आहे आणि तो वडिलांच्या मृत्यूच्या क्षणीच निर्माण झाला आहे. त्यासाठी वेगळा दस्त लागत नाही. सोसायटीत वडिलांनी आपले नामनिर्देशन केले असले तरी या हिश्श्यांत फरक पडत नाही. नामनिर्देशित व्यक्ती सोसायटीपुरती मिळकत सांभाळते. मालकी वारसांचीच राहते.

हक्कसोडपत्र कधी होऊ शकते याचा उलगडा येथेच होतो. ज्याच्या हातात हक्क आहे तोच तो सोडू शकतो, आणि ज्याचा त्या मिळकतीत आधीपासून हिस्सा आहे अशा सहमालकाच्या लाभातच तो सोडता येतो. वडील हयात असताना मुलींकडून ‘वडिलांच्या फ्लॅटवर आमचा हक्क नाही’ असे लिहून घेण्याची पद्धत अनेक घरांत आढळते. स्वकष्टार्जित मिळकतीत मुलांना वडिलांच्या हयातीत कोणताही हिस्सा नसतो आणि पुढे वारसा मिळेल ही नुसती आशा मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ६ नुसार हस्तांतरित करता येत नाही. असा कागद नोंदवलेला असला तरी वडिलांच्या मृत्यूनंतर त्याच्या जोरावर मुलींचा वारसा नाकारता येत नाही. त्याचप्रमाणे एकट्या मालकाने मुलाला ‘हक्कसोडपत्र’ करून देणे हेही चुकीचे आहे. एकटा मालक बक्षीस देऊ शकतो किंवा विकू शकतो. हक्क सोडण्यासाठी समोर सहमालक असावा लागतो.

आता बहिणीच्या हिश्श्याकडे वळतो. आकडे समजण्यासाठी फ्लॅटचे वार्षिक मूल्य दर तक्त्याप्रमाणे, म्हणजे रेडी रेकनरप्रमाणे, बाजारमूल्य ८० लाख रुपये धरू. प्रत्येकाचा हिस्सा २० लाखांचा झाला. महाराष्ट्र मुद्रांक अधिनियमाच्या अनुसूची एकमधील अनुच्छेद ५२ हक्कसोडपत्राविषयी आहे आणि त्याचे दोन भाग आहेत. पहिल्या भागात नाममात्र शुल्क आहे. ते पूर्वी २०० रुपये होते आणि ऑक्टोबर २०२४ च्या सुधारणेनंतर ५०० रुपये झाले. दुसऱ्या भागात, म्हणजे पहिल्या भागात न बसणाऱ्या प्रत्येक हक्कसोडपत्राला, सोडलेल्या हिश्श्याच्या बाजारमूल्यावर खरेदीखताइतकेच शुल्क लागते. ‘पाचशेच्या स्टॅम्पवर होते’ हे वाक्य पहिल्या भागापुरतेच खरे आहे.

पहिल्या भागात बसण्यासाठी तीन गोष्टी एकाच वेळी असाव्या लागतात. मिळकत वडिलोपार्जित असावी, नाते त्या अनुच्छेदात लिहिलेल्यांपैकी असावे, आणि हक्क विनामोबदला सोडलेला असावा. नात्यांत सख्खे भाऊ-बहीण, मुलगा, मुलगी, आई, वडील, पती किंवा पत्नी, मयत मुलाची मुले आणि या सर्वांचे कायदेशीर वारस येतात. बहिणीने भावाच्या लाभात केलेला दस्त त्यात नीट बसतो. ‘वडिलोपार्जित’ या शब्दावर मात्र काही वेळा अडते, कारण फ्लॅट वडिलांनी स्वतः घेतलेला असतो. वडिलांच्या मृत्यूने वारसांकडे आलेली मिळकत या सदरात धरण्याची नोंदणी कार्यालयांतील पद्धत रुळलेली आहे. तरीही ही साखळी मी दस्तातच सविस्तर लिहितो: वडिलांनी कोणत्या नोंदणीकृत दस्ताने फ्लॅट घेतला, ते कोणत्या तारखेला वारले, मृत्युपत्र नाही, वारस कोण आणि प्रत्येकाचा हिस्सा किती. एखाद्या अधिकाऱ्याने तरीही शंका काढली तर वाद घालण्यापेक्षा दस्ताचा मसुदा मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे कलम ३१ खाली अभिनिर्णयासाठी द्यावा. तेथे शुल्क निश्चित होऊन तसे प्रमाणपत्र मिळाले की पुढे शंका उरत नाही. या सवलतीत न बसणारे नेहमीचे उदाहरण म्हणजे दोन भावांनी मिळून विकत घेतलेला फ्लॅट. त्यातील एकाने दुसऱ्याला हिस्सा सोडला तर ते सहमालकाने केलेले हक्कसोडपत्रच असते, परंतु मिळकत वारशाने आलेली नसल्यामुळे शुल्क बाजारमूल्यावर लागते.

बहिणीच्या दस्तात एक वाक्य न चुकता हवे: ती आपला एक चतुर्थांश हिस्सा केवळ आपल्याच लाभात सोडत आहे. अनेक तयार नमुन्यांत ‘माझा हक्क, हितसंबंध सोडून देत आहे’ एवढेच असते. असा मोघम सोडलेला हिस्सा आई, भाऊ आणि आपण अशा तिघांकडे गेला, असा अर्थ निघू शकतो, आणि भावाचे खरेदीखत करण्याच्या वेळी त्याचा हिस्सा एक चतुर्थांश की एक तृतीयांश हा प्रश्न उभा राहतो.

हाच २० लाखांचा हिस्सा बहिणीने बक्षीस दिला तर काय होईल ते पाहू. बक्षीसपत्राचा अनुच्छेद ३४ आहे. त्यात पती, पत्नी, भाऊ, बहीण आणि सरळ रेषेतील पूर्वज व वंशज यांना दिलेल्या बक्षिसावर बाजारमूल्याच्या ३ टक्के शुल्क आहे. म्हणजे ६०,००० रुपये, आणि वर स्थानिक अधिभार. खरेदीखत केले तर पुण्यात मूळ ५ टक्के, स्थानिक संस्थेचा १ टक्का आणि मेट्रोचा १ टक्का असे ७ टक्के, म्हणजे १,४०,००० रुपये; शिवाय नोंदणी फी १ टक्का, म्हणजे २०,००० रुपये. खरेदीखताच्या नोंदणी फीला ३०,००० रुपयांची कमाल मर्यादा आहे, पण आपण तिच्या आतच आहोत. त्याच बहिणीचा तोच हिस्सा आपल्याकडे येण्याचा मुद्रांक खर्च ५०० रुपये, साठ हजारांहून अधिक किंवा एक लाख चाळीस हजार, असा कागद निवडण्यावर ठरतो. बक्षीसपत्र दोनशे रुपयांत होते हे ऐकलेले वाक्य भाऊ-बहिणीला लागू नाही. ते कोणाला लागू आहे ते आईच्या हिश्श्याच्या वेळी सांगतो.

बहीण परदेशात असल्यामुळे शक्य असेल तर तिच्या पुढच्या भारतभेटीत तिच्याच सहीने आणि अंगठ्याने दस्त नोंदवावा. ते सर्वांत निर्धोक आहे. ते शक्य नसेल तर तिने तेथील नोटरीसमोर किंवा भारतीय वाणिज्य दूतावासात कुलमुखत्यारपत्र करावे. नोटरीसमोर केले असेल तर त्यावर अपोस्टिल, म्हणजे तेथील शासनाचे प्रमाणन, घ्यावे. ते भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर येथील मुद्रांक शुल्क भरावे लागते. कुलमुखत्यारपत्रात ‘मिळकतीसंबंधी सर्व कामे’ असा मोघम मजकूर चालत नाही. फ्लॅटचे वर्णन, हिस्सा किती, तो विनामोबदला सोडायचा आहे आणि कोणाच्या लाभात सोडायचा आहे, हे सारे त्यात स्पष्ट हवे. मुखत्यार म्हणून आपलेच नाव घालू नये. लाभ घेणारा आणि मुखत्यार एकच असला तर दस्त नोंदला गेला तरी पुढे त्यावर बोट ठेवायला जागा राहते.

भावाच्या हिश्श्याबाबत लोक सर्वाधिक चुकतात, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. पंधरा लाख घेऊन हक्क सोडणे याला दस्ताच्या शीर्षकात काहीही म्हटले तरी तो मोबदल्याचा व्यवहार आहे. त्याचे हक्कसोडपत्र केले तर ते अनुच्छेद ५२ च्या दुसऱ्या भागात जाईल आणि खरेदीखताइतकेच शुल्क लागेल. मग खरेदीखतच का करू नये? शुल्क मोबदल्यावर किंवा बाजारमूल्यावर, यांपैकी जे जास्त असेल त्यावर लागते. म्हणून ते पंधरा लाखांवर नव्हे तर वीस लाखांवर, ७ टक्क्यांनी १,४०,००० रुपये येईल.

हे टाळण्यासाठी जो मार्ग आपल्याला नक्की सुचवला जाईल तो असा: दस्तात ‘विनामोबदला’ लिहायचे आणि पंधरा लाख वेगळे द्यायचे. यात एक लाख चाळीस हजार वाचतात हे खरे, पण त्यापायी किती गोष्टी उघड्या पडतात ते पाहा. शुल्कावर परिणाम करणारी प्रत्येक वस्तुस्थिती दस्तात नमूद करणे कायद्याने बंधनकारक आहे. पैसे बँकेतून दिले तर त्याच सुमारास भावाच्या खात्यात गेलेली रक्कम दस्तातील विधान खोटे ठरवते. रोखीने दिले तर आयकराचे वेगळेच प्रश्न उभे राहतात. दस्त चुकीच्या अनुच्छेदाखाली नोंदला गेल्याचे तपासणीत निघाले तर कमी भरलेले शुल्क आणि त्यावर दरमहा २ टक्के दंड येतो. हा दंड तुटीच्या रकमेच्या चौपटीपर्यंत जाऊ शकतो. याहून मोठा धोका घरातला आहे. उद्या भावाशी बिनसले आणि त्याने पैसेच मिळाले नाहीत असे म्हटले, तर आपल्या हातात दाखवायला कागद नाही. आणि आपण पैसे दिल्याचे सिद्ध करायला गेलात तर दस्त खोटा होता हे आपणच सिद्ध केल्यासारखे होते.

याच्या उलट चूकही होते. ‘खरेदीखत सर्वांत भक्कम’ अशा समजुतीने काही कुटुंबे पैसे न देताघेता खरेदीखत करतात आणि किंमत मिळाल्याचे नुसते लिहितात. विक्री म्हणजे दिलेल्या किंवा देण्याचे कबूल केलेल्या किमतीच्या बदल्यात मालकी देणे, अशी मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम ५४ ची व्याख्या आहे. किंमत दिली नाही आणि पुढे देण्याची तजवीजही दस्तात नाही, तर ती विक्री कायद्याच्या दृष्टीने शून्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने केवल कृष्ण विरुद्ध राजेश कुमार या २०२१ च्या निकालात म्हटले आहे. पैसे द्यायचे नसतील तर पूर्ण शुल्क भरून केलेले खरेदीखतही अशा रीतीने कुचकामी ठरू शकते.

भावाच्या खरेदीखतात पंधरा लाखांचा धनादेश किंवा आरटीजीएस व्यवहाराचा क्रमांक, तारीख आणि बँक लिहावी. उत्तराधिकार अधिनियमाच्या कलम २२ नुसार वर्ग एकच्या एका वारसाने आपला हिस्सा द्यायचे ठरवले तर इतर वारसांना तो घेण्याचा अग्रहक्क असतो. म्हणून या खरेदीखतात आईला ‘मान्यता देणार’ म्हणून सही करायला लावावी. बहिणीचे हक्कसोडपत्र आधी नोंदवले असेल तर ती या प्रश्नातून बाहेर पडलेली असते. माझ्या मते दस्तांचा क्रम तोच ठेवावा. दोन्ही व्यवहार एकाच दस्तात कोंबू नयेत. वेगवेगळ्या व्यवहारांचा एक दस्त केला तरी प्रत्येकाचे शुल्क स्वतंत्र लागतेच, आणि मोबदल्याचा उल्लेख असलेल्या दस्तात बहिणीची सवलत टिकवणे विनाकारण अवघड होते.

भावाला आयकराची कल्पना आधीच द्यावी. हिस्सा विकल्यामुळे त्याला भांडवली नफ्याचा हिशेब करावा लागेल, आणि त्यात विक्रीची किंमत पंधरा लाख नव्हे तर वीस लाख धरली जाईल. मुद्रांकासाठीचे मूल्य प्रत्यक्ष मोबदल्यापेक्षा १० टक्क्यांहून अधिक असले की तेच मूल्य विक्रीची किंमत मानले जाते. खर्चाच्या बाजूला वडिलांच्या मूळ खरेदीच्या किमतीतील त्याचा चौथा हिस्सा येईल, आणि मिळकत किती काळ धारण केली हे मोजताना वडिलांचा काळही धरला जाईल. आपल्याला पाच लाखांनी स्वस्त मिळाले यावर मात्र आपल्याला कर नाही, कारण सख्खा भाऊ आयकराच्या दृष्टीने नातेवाईक आहे. बहिणीने विनामोबदला सोडलेल्या हिश्श्यावरही आपल्याला कर लागत नाही.

आता आई. दोनशे रुपयांचे बक्षीसपत्र खरोखर अस्तित्वात आहे, पण त्याची यादी अरुंद आहे. निवासी किंवा शेतीची मिळकत पती, पत्नी, मुलगा, मुलगी, नातू, नात किंवा मयत मुलाची पत्नी यांना बक्षीस दिली, तरच अनुच्छेद ३४ च्या दुसऱ्या परंतुकाप्रमाणे शुल्क २०० रुपये लागते. या यादीत कोण नाही हे लक्षपूर्वक वाचावे. भाऊ-बहीण नाहीत. आई-वडीलही नाहीत, मुलाने आईला राहते घर बक्षीस दिले तर ३ टक्के लागतात. मुलगा हयात असताना सून नाही. जावई आणि पुतण्या तर ३ टक्क्यांच्या यादीतही नाहीत, त्यांना खरेदीखताइतके पूर्ण शुल्क आहे. दुकानाचा गाळा मुलाला दिला तर मिळकत निवासी नसल्यामुळे दोनशे रुपयांची सवलत जाते आणि ३ टक्के लागतात. शिवाय विक्री आणि बक्षीस या दोन्हींवर महापालिका किंवा जिल्हा परिषदेचा अधिभार वेगळा असतो. २०० रुपयांत तो धरलेला नाही. आईच्या २० लाखांच्या हिश्श्यावर अधिभाराच्या प्रत्येक टक्क्याला २०,००० रुपये होतात. ‘दोनशेत होते’ असे ऐकून आलेल्यांना चलनाचा आकडा पाहून धक्का बसतो तो यामुळे.

म्हणजे केवळ खर्च पाहिला तर आईचेही हक्कसोडपत्रच स्वस्त पडते, कारण तीही सहवारस आहे आणि मुलगा पहिल्या भागातील नात्यांत आहे. तरीही मी ते सुचवत नाही. हक्कसोडपत्र आणि बक्षीसपत्र दोन्ही एकदा झाली की आईला एकतर्फी मागे घेता येत नाहीत. ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाविषयीच्या २००७ च्या कायद्याचे कलम २३ आईवडिलांना संरक्षण देते. मूलभूत गरजा पुरवण्याच्या अटीवर हस्तांतरण केले आणि ती अट पाळली नाही, तर न्यायाधिकरण ते रद्द ठरवू शकते. परंतु सर्वोच्च न्यायालयाने सुदेश छिकारा विरुद्ध रामती देवी या २०२२ च्या प्रकरणात अशी अट होती हे दाखवावे लागेल असे म्हटले, आणि ते प्रकरण हक्कसोडपत्राचेच होते. पुढे उर्मिला दीक्षित प्रकरणात २०२५ मध्ये न्यायालयाने अधिक उदार भूमिका घेतली, तरी अट कागदावर असणे हाच आईच्या दृष्टीने भक्कम आधार आहे. हक्कसोडपत्राच्या नेहमीच्या नमुन्यात अशी अट कोणी घालत नाही. बक्षीसपत्रात ती नीट घालता येते, आणि आईने हयातभर त्या फ्लॅटमध्ये राहण्याचा हक्क राखून ठेवला तरी बक्षीस वैध राहते. ताबा प्रत्यक्ष न देता, हयातीचा हक्क राखून दिलेले बक्षीस चालते, हे सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या रेणिकुंटला राजम्मा निकालाने स्पष्ट केले आहे.

माझा सल्ला असा की आईचा चौथा हिस्सा आईकडेच राहू द्यावा आणि तिने तेवढ्यापुरते मृत्युपत्र करावे. मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क नाही, त्याची नोंदणी ऐच्छिक आहे पण करून घ्यावी, आणि मन बदलले तर आई ते बदलू शकते. आपल्या नावे तीन चतुर्थांश मालकी आली की व्यवहारात आपले काही अडत नाही. बँक कर्जासाठी पूर्ण मालकी मागत असेल तर मात्र बक्षीसपत्राकडे जावे लागेल.

पत्नीच्या नावाचे उत्तर वरच्या याद्यांमध्येच आहे. बहीण किंवा आई आपल्या पत्नीच्या लाभात हक्क सोडू शकत नाहीत, कारण पत्नी आज सहमालक नाही. आईने सुनेला थेट बक्षीस दिले तर पूर्ण शुल्क लागेल. सर्व हिस्से आपल्या नावे आल्यावर आपण पत्नीला हवा तेवढा हिस्सा बक्षीस द्यावा. राहते घर असल्यामुळे तेथे दोनशे रुपये आणि अधिभार एवढेच लागेल. मात्र पत्नीला बक्षीस दिलेल्या हिश्श्याचे भाडे आले तर ते आयकरात आपल्याच उत्पन्नात धरले जाते.

नोटरीविषयी. पाचशेच्या मुद्रांकावर लिहून नोटरी केलेले हक्कसोडपत्र म्हणजे शुल्क भरलेला पण नोंदणी न झालेला कागद. स्थावर मिळकतीतील शंभर रुपये किंवा त्याहून अधिक मूल्याचा हक्क नष्ट किंवा निर्माण करणारा दस्त नोंदणी अधिनियम, १९०८ च्या कलम १७ नुसार नोंदवावाच लागतो. न नोंदवल्यास कलम ४९ नुसार त्याने हक्क हस्तांतरित होत नाही. काही सोसायट्या असा कागद घेऊन भाग प्रमाणपत्रावर नाव चढवतात आणि कुटुंब निर्धास्त होते. फ्लॅट विकायला काढल्यावर खरेदीदाराच्या बँकेचा वकील तो कागद बाजूला ठेवतो आणि तेव्हा बहिणीची सही पुन्हा मिळवावी लागते.

नोंदणीची पद्धत तिन्ही दस्तांना जवळपास सारखी आहे. सहीच्या आधी, त्याच दिवशी किंवा फार तर पुढच्या कामाच्या दिवशी मुद्रांक शुल्क भरलेले असावे. ते ऑनलाइन चलनाने भरता येते. दस्ताची माहिती संकेतस्थळावर भरून, वेळ घेऊन, सह दुय्यम निबंधक, हवेली यांच्या शहरातील कोणत्याही कार्यालयात लिहून देणार आणि लिहून घेणार यांनी हजर राहावे. सही झाल्यापासून चार महिन्यांत दस्त नोंदणीसाठी दाखल करावा. पुढच्या चार महिन्यांपर्यंत उशीर दंड भरून माफ होऊ शकतो, त्यानंतर नाही. बक्षीसपत्राला मात्र एक जास्तीची अट आहे, आणि ती कार्यालयात कोणी आठवण करून देत नाही. मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाच्या कलम १२३ नुसार त्यावर देणाऱ्याची सही पाहिलेल्या किमान दोन साक्षीदारांच्या सह्या दस्तावरच हव्यात. निबंधकासमोर ‘मी यांना ओळखतो’ म्हणून सही करणारे दोघे हे ओळख पटवणारे असतात. दस्ताच्या शेवटी साक्षीदारांच्या जागा रिकाम्या ठेवून फक्त ओळखदारांच्या सह्यांवर बक्षीसपत्र नोंदवलेले मी पाहिले आहे. असा दस्त कार्यालयातून बाहेर पडतो, पण न्यायालयात सिद्ध करताना अडतो. बक्षीस घेणाऱ्याने देणाऱ्याच्या हयातीत स्वीकार केल्याचे वाक्य आणि सहीही असावी.

दस्त नोंदला की सूची क्रमांक २ काढून तेथेच वाचावी. बहिणीच्या दस्तात विलेखाचा प्रकार हक्कसोडपत्र आणि मोबदल्याच्या रकान्यात शून्य हवे. खाली ‘मुद्रांक शुल्क आकारताना निवडलेला अनुच्छेद’ अशी ओळ असते. तेथे बक्षीसपत्राचा अनुच्छेद किंवा ५२ चा दुसरा भाग पडला नाही ना, ते पाहावे. भावाच्या दस्तात मोबदला पंधरा लाख आणि बाजारभाव वीस लाख असे दोन वेगळे आकडे दिसले पाहिजेत. सर्वांत जास्त चुका करून देणाऱ्या व घेणाऱ्यांच्या रकान्यांतील नावांत आणि फ्लॅटच्या क्षेत्रफळात होतात. त्या लगेच लक्षात आल्या तर सगळे पक्षकार उपलब्ध असतानाच चूकदुरुस्तीपत्र करून घेता येते; बहीण परत गेल्यावर त्यासाठी नवे कुलमुखत्यारपत्र मागवावे लागते. त्यानंतर हे दोन्ही दस्त आणि वडिलांचा मृत्यू दाखला जोडून सोसायटीकडे भाग प्रमाणपत्रावर नाव लावण्याचा, आणि महापालिकेकडे मिळकतकराच्या नोंदीत बदल करण्याचा अर्ज द्यावा. आईने हिस्सा ठेवला असेल तर दोन्हीकडे आपल्यासोबत तिचेही नाव लावून घ्यावे.